भाग एक नंतर भाग दोन कोण बघतं?

सुरुवातीलाच सांगतो, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे शुद्धलेखन बघून नाकं मुरडू नका. विषय महत्त्वाचा आहे, आणि तो माझ्या रूमवरच घडलाय.

माझ्या रूमपार्टनरने फर्स्ट इयरच्या मुलांसाठी यूट्यूबवर मराठीतून इंजिनिअरिंग मेकॅनिक्सची आठ भागांची मालिका केली. प्रत्येक भाग साधारण बारा मिनिटांचा. मेस बंद झाल्यावर तिथल्याच फळ्यावर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत शूटिंग चालायचं. हेतू एकच, की ज्युनिअर्सची केटी लागू नये. पण महिनाभराने त्याने आकडे बघितले आणि चेहराच पडला. एक भाग बघून मुलं पळून जात होती. "माझं शिकवणंच बेकार आहे रे," म्हणाला, आणि सगळे व्हिडिओ डिलीट करायला बसला. मी म्हटलं, थांब, आधी प्लेलिस्टचा रिपोर्ट बघू.

हा रिपोर्ट बऱ्याच जणांना माहीतच नसतो. यूट्यूब स्टुडिओमध्ये Content मध्ये जाऊन Playlists उघडायचं, आपली प्लेलिस्ट निवडून Analytics वर क्लिक करायचं आणि मग Advanced mode. इथे दोन प्रकारचे व्ह्यूज असतात आणि सगळा घोळ तिथेच होतो. एक म्हणजे प्लेलिस्टमधल्या व्हिडिओंना कुठूनही मिळालेले एकूण व्ह्यूज. सर्च करून आला, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकली म्हणून आला, सगळे यात आले. दुसरा म्हणजे प्लेलिस्ट चालू असताना, तिच्या आत मिळालेले व्ह्यूज. भागांच्या क्रमाबद्दल काही सांगू शकतो तो फक्त हा दुसरा आकडा. पहिल्याकडे बघून क्रमाचा विचार करणं म्हणजे मेसच्या गर्दीवरून लायब्ररीत किती जण बसलेत हे ठरवण्यासारखं!

आता मुख्य आकडा, Views per playlist start. कुणीतरी प्लेलिस्ट सुरू केली की एक स्टार्ट. त्यानंतर त्याने सरासरी किती व्हिडिओ बघितले ते हा आकडा सांगतो. स्टार्ट झाला म्हणजे निदान एक व्हिडिओ लागलाच, म्हणून तळ 1 चा. आमच्याकडे 28 दिवसांत 200 स्टार्ट आणि 240 व्ह्यूज होते (हिशेबाला सोपे जावेत म्हणून आकडे गोल केलेत). म्हणजे 1.2. पुढचा भाग जवळजवळ कुणीच बघत नव्हतं.

पण 1.2 ही नुसती सरासरी आहे. गळती कुठे होतेय ते त्यातून कळत नाही. त्यासाठी आम्ही एकेक व्हिडिओ उघडून त्याच्या ट्रॅफिक सोर्समध्ये 'प्लेलिस्ट' समोर किती व्ह्यूज आहेत ते वहीत उतरवलं. आमचे व्हिडिओ एकाच प्लेलिस्टमध्ये होते, त्यामुळे हे आकडे जवळपास तिचेच.

आणि मग गंमत दिसली. सगळ्यात जास्त व्ह्यूज भाग आठला, 120. सातव्याला 22, मधल्या भागांना पाच-दहा, आणि पहिल्याला परत 63. मेकॅनिक्स शिकायला आलेला मुलगा आधी मोमेंट ऑफ इनर्शिया कशाला बघेल? आम्ही प्लेलिस्ट उघडून बघितली तर भाग उलटे लागलेले! सेटिंग्जमध्ये "Add new videos to top of playlist" ला टिक होती, त्यामुळे नवा भाग दरवेळी डोक्यावर बसत गेला. Play all दाबणारा थेट आठव्यावर पडत होता आणि काही न कळून निघून जात होता. जो शहाणा शोधून पहिल्या भागावर यायचा, त्याच्यापुढे काहीच नव्हतं, कारण पहिला भाग यादीत शेवटी होता. साहेबांच्या शिकवण्याचा यात काय दोष?

नुसती टिक काढून भागत नाही हो. आधीचा क्रम तसाच राहतो, तो हाताने ओढून सरळ करावा लागतो. ते केलं आणि पुढचे 28 दिवस दुसऱ्या कशाला हात लावला नाही. थंबनेल नाही, टायटल नाही. एकदम चार गोष्टी बदलल्या तर फरक कशाने पडला ते कोण सांगणार?

आता 210 स्टार्ट आणि 441 व्ह्यूज, म्हणजे 2.1. रूमवर चहा-वडापाव झाला. पण मला एक शंका होती. याच काळात मिड-सेम आली होती, आणि परीक्षा जवळ आली की मुलं सगळंच जास्त बघतात. म्हणून त्याच चॅनेलवरची गणिताची प्लेलिस्ट तपासली, जिचा क्रम आम्ही बदलला नव्हता. ती 1.5 वरून 1.6 वर गेली होती. म्हणजे परीक्षेचा हात आहे, पण थोडा. बाकीची वाढ बहुतेक क्रमामुळेच.

Average time in playlist हाही सोबत बघावा. प्लेलिस्ट आपोआप पुढे जाते, आणि आमच्या विंगमध्ये व्हिडिओ लावून घोरणारे महाभाग काही कमी नाहीत! शिवाय एका लॅपटॉपवर चौघांनी बघितलं तरी व्ह्यू एकच. तेव्हा हे आकडे म्हणजे हजेरीपट नव्हे.

आता नवी शिडी बघा. भागवार व्ह्यूज होते 150, 96, 70, 62, 24, 18, 12, 9. पहिल्याकडून दुसऱ्याकडे 64 टक्के. खरं तर थोडे कमीच, कारण स्टार्ट 210 आणि पहिल्या भागाला व्ह्यूज 150, म्हणजे निदान साठेक जणांनी मधूनच कुठून तरी सुरुवात केली. त्यातले काही त्या 96 मध्येही असणार. तिसऱ्याकडून चौथ्याकडे जवळजवळ 89 टक्के. पण चौथ्याकडून पाचव्याकडे फक्त 39! पुढे परत 75, 67, 75. पायरी तुटलीय ती नेमकी चौथ्यानंतर.

अशा वेळी लगेच क्रम बदलायचा नाही. आधी चौथ्या भागाचा रिटेन्शन ग्राफ बघायचा. बघणारा व्हिडिओच्या मध्येच उठून गेला असेल, तर बहुधा पुढच्या भागापर्यंत गोष्ट पोचतच नाही. तो दोष त्या व्हिडिओचा, क्रमाचा नाही. आमचा ग्राफ मात्र शेवटपर्यंत बऱ्यापैकी सपाट होता. मुलं बीमच्या रिअ‍ॅक्शन्स पूर्ण बघत होती आणि फ्रिक्शन समोर आल्यावर थांबत होती.

का? मी दोन कारणं काढली. एक, मिड-सेमचा पोर्शन बरोबर चौथ्या भागाला संपतो. दोन, फ्रिक्शन एकदम वेगळं वाटतं, आणि बीम संपल्यावर डोक्यात रिअ‍ॅक्शन्स ताज्या असतात त्या खऱ्या कामी येतात सहाव्या भागातल्या ट्रसला. पहिलं कारण खरं असेल तर एंड-सेमच्या आधी ही पायरी आपोआप भरून येईल. दुसरं असेल तर ट्रस पाचव्या जागी आणला की भरेल.

दोन्ही एकदम करता येत नाही, म्हणून एंड-सेमपर्यंत क्रम तसाच ठेवायचा असं मी म्हणतोय. रूमपार्टनर म्हणतो, तोपर्यंत ज्युनिअर्सचा ट्रस राहून जाईल त्याचं काय? यावर गेले तीन दिवस भांडण चालू आहे. व्हिडिओ मात्र डिलीट झालेले नाहीत, आणि नववा भाग काल रात्री मेसमध्ये शूट झाला. तो यादीत खाली गेलाय की नाही, हे मी स्वतः बघून आलो.