लाल टाचांपासून काळ्या कोटापर्यंत

4 मे 1789 रोजी व्हर्सायच्या रस्त्यांवरून एक मोठी मिरवणूक निघाली. सोळाव्या लुईने देशातल्या तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा बोलावली होती. अशी सभा त्याआधी 1614 साली भरली होती. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी सगळे प्रार्थनेला चालले होते आणि कोणी काय घालायचं, हे दरबारातून आधीच नेमून दिलं होतं. सरदारांना काळं रेशीम, त्यावर सोनेरी जर, गळ्याला लेस आणि टोपीत पांढरी पिसं. तिसऱ्या वर्गाला, म्हणजे वकील, व्यापारी, जमीनदार अशा सामान्य प्रतिनिधींना, काळ्या बनातीचा साधा कोट, पांढऱ्या मलमलीचा गळपट्टा आणि ना गोट ना बटण अशी सपाट टोपी.

हेतू उघड होता. कोण वरचा आणि कोण खालचा, हे लांबूनही कळलं पाहिजे. पण रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या काळ्या कोटांसाठी, आणि पिसांच्या टोप्या बऱ्याचशा शांततेतच पुढे गेल्या. मिराबो हा जन्माने सरदार, पण तिसऱ्या वर्गाने त्याला निवडून दिल्यामुळे तोही साध्या काळ्या पोशाखात चालत होता. पुढच्या अर्धशतकात युरोपभरच्या श्रीमंत, वजनदार पुरुषांनी स्वखुशीने असाच पोशाख घालायला सुरुवात केली. कमीपणा दाखवण्यासाठी नेमलेले कपडे मोठेपणाचे कसे झाले, हे समजण्यासाठी पुरुषांनी तोवर काय काय मिरवलं होतं, ते आधी पाहायला हवं.

सुरुवात टाचेपासून करू. उंच टाच आली ती घोडेस्वाराच्या बुटातून. इराणी स्वार टाचेचे जोडे घालत, कारण टाच रिकिबीत अडकून राहते आणि रिकिबीत उभं राहून धनुष्य ताणताना पाय सरकत नाही. 1599 साली शाह अब्बासने तुर्कांविरुद्ध मित्र शोधण्यासाठी युरोपच्या दरबारांकडे वकील पाठवले. त्या सुमारास तिकडे इराणी वस्तूंचं कुतूहल वाढलं आणि टाचेचे जोडे युरोपातल्या सरदारांच्या पायांत दिसू लागले. चिखलाच्या किंवा दगडी रस्त्यावर चालायला ते सोयीचे नव्हतेच. मला पायी चालावं लागत नाही, हेच तर त्यातून सांगायचं होतं. स्त्रियांनी टाच उचलली ती नंतर, पुरुषांची ऐट म्हणून.

चौदाव्या लुईच्या दरबारात या टाचेला लाल रंग चढला. 1701 साली यासिंत रिगोने काढलेल्या त्याच्या प्रसिद्ध चित्रात साठी ओलांडलेला राजा पांढरे मोजे घातलेला पाय पुढे टाकून उभा आहे आणि त्याच्या जोड्यांच्या टाचा लालभडक आहेत. लाल टाच म्हणजे दरबारात प्रवेश असल्याची खूण. कपडे हा तिथे हौसेचा नव्हे, हुकमाचा विषय होता. याच राजाने 1660च्या दशकात सोन्या-रुप्याने भरलेला एक निळा कोट ठरवून दिला होता. तो घालायला राजाचा लेखी परवाना लागे आणि परवाने मोजक्याच मर्जीतल्या लोकांना मिळत. त्याच शतकांत आपल्याकडेही किनखाबाचा अंगरखा, मोत्यांचा तुरा किंवा मानाची वस्त्रं यांतून पुरुषाचा दर्जा कळत असे. नटणं बायकी आहे, असं तेव्हा ना इथे कोणाला वाटत होतं, ना तिथे.

दुसरी गोष्ट लेस. सतराव्या शतकात उत्तम लेस व्हेनिसची, आणि फ्रान्सचा पैसा त्यापायी बाहेर चालला होता. म्हणून कोलबेर या मंत्र्याने 1665 मध्ये फ्रान्समध्येच लेसचे कारखाने उभे केले, व्हेनिसहून कारागीर आणवले आणि परदेशी लेसवर बंदी घातली. आलांसाँ हे गाव त्यातूनच नावाला आलं. तिथली लेस कापडावर भरत नाहीत, नुसत्या सुई-दोऱ्याने हवेत विणतात म्हटलं तरी चालेल. चर्मपत्रावर नक्षी टोचून घेतात, तिच्या कडेने दोरा बसवतात, त्या दोऱ्यांच्या आधाराने जाळी आणि फुलं भरतात आणि शेवटी खालचे टाके कापून लेस चर्मपत्रापासून सोडवतात. एक चौरस सेंटिमीटरला सुमारे सात तास लागतात. म्हणजे तळहाताएवढ्या तुकड्यात एका बाईचे कित्येक महिने गेलेले असत, आणि तो तुकडा बहुतेकदा पुरुषाच्या गळ्याशी किंवा मनगटावर लटके. ग्रिन्लिंग गिबन्स या लाकूडकाम करणाऱ्या कलाकाराने 1690च्या सुमारास अशा पुरुषी गळपट्ट्याची हुबेहूब लाकडी प्रत कोरली. ती आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे.

तिसरी आणि सर्वांत टिकून राहिलेली चैन भरतकामाची. अठराव्या शतकात टाच हळूहळू उतरली आणि 1740च्या सुमारास पुरुषांच्या पायांतून जवळजवळ गेली. कोट मात्र भरलेलाच राहिला. तो तयार करण्याची पद्धत आजच्या भरजरी ब्लाउजपीससारखी होती: आधी भरतकाम, मग शिवण. सलग रेशमी कापड लाकडी चौकटीवर ताणत. कोटाच्या पुढच्या बाजू, खिशांची झाकणं, कॉलर आणि बाह्यांच्या कडा यांचे आकार त्याच कापडावर आखून घेत. नक्षीच्या कागदाला सुईने भोकं पाडून त्यातून भुकटी चोळली की खाली ठिपके उमटत, आणि त्या ठिपक्यांवर रेशीम, जर आणि टिकल्यांचं काम होई. बटणांसाठी छोटी गोल नक्षीही तिथेच भरलेली असे. असा न कापलेला तुकडा दुकानात विकत मिळे. गिऱ्हाईक तो घेऊन शिंप्याकडे जाई आणि शिंपी मापाप्रमाणे कापून शिवे.

या पद्धतीतच त्या पोशाखाचा स्वभाव दिसतो. सगळी किंमत कापडाच्या पृष्ठभागावर होती. कोट अंगावर थोडा ढगळ किंवा घट्ट बसला तरी बिघडत नसे, कारण पाहणाऱ्याची नजर नक्षीवर खिळलेली असे. शिंप्याची मजुरी भरतकामापुढे किरकोळच होती.

साधेपणाची वाट प्रथम इंग्लंडमध्ये पडली. ऑक्टोबर 1666 मध्ये, लंडनच्या मोठ्या आगीनंतर महिन्याभरातच, दुसऱ्या चार्ल्सने फ्रेंच फॅशन सोडून कोटाखाली लांब वेस्ट घालायचं जाहीर केलं. सरदारांना काटकसर शिकवणं हा त्यामागचा एक हेतू होता, असं सॅम्युएल पीप्सने रोजनिशीत नोंदवलं आहे. काटकसर फार टिकली नाही, पण कोट, वेस्ट आणि विजार हे त्रिकूट टिकलं. आजचा थ्री-पीस सूट त्याचाच वंशज. शिवाय इंग्रज उमराव वर्षातले बरेच महिने दरबारापासून दूर, आपल्या जमिनींवर काढत. घोड्यावरून फिरायला, शिकारीला आणि चिखल तुडवायला भरलेलं रेशीम काय कामाचं? तिथे बनातीचा साधा कोट आणि बूट हाच पोशाख होता. 1780च्या दशकात हा इंग्रजी साधेपणा पॅरिसमध्येही फॅशनेबल ठरू लागला. म्हणजे क्रांतीपूर्वीच जमीन तयार होती.

क्रांतीने त्याला राजकीय अर्थ दिला. गुडघ्यापर्यंतची तंग विजार आणि रेशमी मोजे ही खानदानी पोशाखाची खूण. पॅरिसचे कष्टकरी लांब पायजम्यासारख्या विजारी घालत, आणि क्रांतीच्या काळात ती विजार अभिमानाने मिरवली गेली. तरीही साधेपणा सक्तीने आला, असं म्हणता येत नाही. ऑक्टोबर 1793 मध्ये क्रांतिकारी सरकारनेच कायदा केला की कोणालाही विशिष्ट पोशाख घालायला भाग पाडता येणार नाही. खुद्द रोबेस्पिएर शेवटपर्यंत केसांना पावडर लावून, गुडघ्यापर्यंतच्या विजारीत वावरला. पुढे नेपोलियनने लियाँच्या रेशीम उद्योगाला काम मिळावं म्हणून दरबारात भरतकाम परतही आणलं. पण ते आता समारंभाचं आणि पदाचं झालं होतं. रोजच्या जगण्यातून ते उठलं.

मग रोजच्या कपड्यात रुबाब दाखवायचा कशाने? या प्रश्नाचं उत्तर लंडनच्या शिंप्यांनी दिलं आणि ते जगापुढे मिरवलं जॉर्ज ब्रमेलने. 1778 साली जन्मलेला हा गृहस्थ सरदार घराण्यातला नव्हता, पण राजपुत्राचा मित्र होता. दिवसा त्याचा पोशाख गडद निळा बनातीचा कोट, फिकट वेस्ट, फिकट विजार आणि खळ घातलेला पांढराशुभ्र गळपट्टा. नक्षीचं नावही नाही. सगळी करामत बेतात होती. रेशीम आहे तसंच राहतं, पण लोकर वाफेने आणि इस्त्रीने आकसते, ताणते, वळते. शिंपी तिला छातीवर फुगवू शकतो, कंबरेत दाबू शकतो, आतून अस्तर आणि भर घालून खांद्याचा दोष झाकू शकतो. किंमत कापडाच्या पृष्ठभागावरून आत, शिवणीत गेली. भरतकाम करणाऱ्याची जागा आता शिंप्याने घेतली.

हा साधेपणा स्वस्त होता, असं मात्र समजू नये. पांढरा गळपट्टा दिवसभर पांढरा ठेवायचा तर डझनावारी गळपट्टे, धोबी आणि मदतीला नोकर हवा. लंडनच्या धुरात स्वच्छ कापड हीच चैन होती. ब्रमेलवर कर्जाचा डोंगर झाला, त्यात जुगाराची भर पडली, आणि 1816 मध्ये तो देणेकऱ्यांना चुकवून फ्रान्सला पळाला. पण त्याचा पोशाख मागे उरला. कारखानदार, बँकवाले, वकील आणि कारकून यांच्या नव्या जगाला तो सोयीचा होता. पत, शिस्त आणि कामाचा माणूस असणं, हे सारं त्यातून सांगता येत होतं. गडद रंगावर कोळशाची काजळीही कमी दिसे. मालक आणि कारकून लांबून सारखेच दिसत, फरक जवळून शिवण पाहणाऱ्यालाच कळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत काळा कोट हा युरोपातल्या सभ्य पुरुषाचा गणवेशच झाला. घरचं वैभव दाखवण्याचं काम आता बायकोच्या रेशमावर आणि लेसवर आलं. जी नटवेगिरी दोन शतकं पुरुषांची होती, ती याच सुमारास स्त्रीचा स्वभाव म्हणून सांगितली जाऊ लागली.

1930 साली लंडनचे मानसशास्त्रज्ञ जे. सी. फ्लुगेल यांनी या बदलाला पुरुषांचा महात्याग असं नाव दिलं. सुंदर दिसण्याचा हक्क पुरुषांनी सोडला आणि फक्त नीटनेटकं दिसण्यावर समाधान मानलं, असं त्यांचं म्हणणं. ते स्वतः 1929 मध्ये स्थापन झालेल्या पुरुष पोशाख सुधारणा पक्षात होते. घट्ट कॉलर आणि काळ्या सुटाऐवजी मोकळे, हलके, रंगीत कपडे घालावेत, असा त्यांचा प्रचार होता. दहाएक वर्षांत ती चळवळ विरली. पण फ्लुगेल यांच्या शब्दातली एक गोष्ट तपासून पाहण्यासारखी आहे. पुरुषांनी नक्षी सोडली हे खरं, मिरवणं सोडलं हे खरं नाही. लाल टाच पाहून दर्जा कोणालाही ओळखता येत होता. चांगला बेतलेला काळा कोट ओळखायला पाहणाऱ्यालाही त्याच वर्तुळातला असावं लागे. व्हर्सायच्या दरबाराने तिसऱ्या वर्गाला वेगळं काढण्यासाठी साधेपणा वापरला, आणि तिसऱ्या वर्गातून वर आलेल्यांनी पुढे त्याच साधेपणाने आपल्या खालच्यांना वेगळं काढलं.