सहा प्लायपासून शंभरपर्यंत

१९४८ मध्ये जव्हारचं संस्थान विलीन झालं, त्याच्या आसपास मुंबईत महिंद्रांनी जीप जुळवायला सुरुवात केली होती. ही महायुद्धातली विलिज जीप, आणि तिच्या टायरच्या बाजूवर उठवलेलं माप ६.००-१६. पुढच्या बऱ्याच जीपगाड्यांनी हेच माप वर्षानुवर्षं वागवलं. त्यात ६.०० म्हणजे टायरची रुंदी इंचांत आणि १६ म्हणजे ज्या रिमवर तो बसतो तिचा व्यास, तोही इंचांतच. उंची लिहिलेली नसे, कारण त्या काळच्या टायरची उंची जवळपास रुंदीइतकीच असायची.

शेजारी ‘सहा प्लाय’ लिहिलेलं असे. आधी त्याचा अर्थ अगदी सरळ होता: रबराच्या आत सुती दोऱ्यांचे सहा थर. पुढे सुताच्या जागी नायलॉन आलं, तेव्हा तेवढ्याच ताकदीला थर कमी पुरू लागले; तरी आकडा सहाच राहिला आणि तो ताकदीचं माप ठरला. मला हे जुनं लिखाण फार प्रामाणिक वाटतं. सहा प्लायपेक्षा आठ प्लाय दणकट, हे समजायला कुठलाही तक्ता लागत नव्हता. माणसं, भाताची पोती आणि टपावरचं सामान घेऊन घाट चढणाऱ्या ड्रायव्हरला टायरबद्दल जे विचारायचं असे, ते या एका आकड्यात येत होतं.

मग रेडियल टायर आला. मिशेलिन कंपनीने फ्रान्समध्ये त्याचं पेटंट १९४६ मध्येच घेतलं होतं, पण आपल्याकडे जीपला तो लागायला खूप वेळ गेला. जुन्या टायरमध्ये दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरके जायचे; रेडियलमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. आपले लोक अजूनही पहिल्याला ‘नायलॉन’ आणि दुसऱ्याला ‘रेडियल’ म्हणतात. २००० मध्ये बोलेरो बाजारात आली आणि तिच्यावर २१५/७५ आर १५ हे माप रूढ झालं.

यातलं २१५ म्हणजे फुगवलेल्या टायरची रुंदी, आता मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंची: २१५ चे ७५ टक्के केले की १६१ मिलिमीटर येतात. ही रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतच्या रबराची उंची. आर म्हणजे रेडियल. १५ हा रिमचा व्यास, आणि तो तेवढा इंचांतच राहिला. सगळ्यात शेवटी, थोडं वेगळं, बहुतेक वेळा १०० एस असं असतं. हे १०० म्हणजे भारांक, आणि ‘सहा प्लाय’ची जागा घेतली ती याने.

घोळ इथेच झाला. भारांक १०० याचा अर्थ १०० किलो नव्हे. हा तक्त्यातला क्रमांक आहे आणि त्याचं वजन ८०० किलो. दर पायरीला भार साधारण तीन टक्क्यांनी वाढतो: ९४ म्हणजे ६७० किलो, १०५ म्हणजे ९२५. नुसतं पाहून यातलं काहीच कळत नाही. ‘एस’ हे वेगाचं अक्षर, ताशी १८० किलोमीटरचं. तोरंगण घाटात त्याचा संबंध येत नाही. पूर्वी तोंडपाठ असलेला ताकदीचा आकडा अशा रीतीने तक्त्यात गेला आणि दुकानात गिऱ्हाईक ‘पंधराचा टायर द्या’ एवढंच सांगू लागलं.

पंधराच्या रिमवर काय काय बसतं? जुन्या इनोव्हाचा २०५/६५ आर १५ बसतो. शहरातल्या टुरिस्ट गाडीवरून उतरलेला, नक्षी अजून शिल्लक असलेला असा टायर स्वस्तात मिळतो. रिमवर तो नीट चढतो, हवा धरतो, रुंदीला फक्त १० मिलिमीटर कमी. पण त्याची उंची २०५ च्या ६५ टक्के, म्हणजे १३३ मिलिमीटर. दोन्ही बाजूंची उंची आणि रिमचे ३८१ मिलिमीटर धरले की पूर्ण व्यास ६४७ होतो. मूळ टायरचा व्यास ७०३ होता. गाडी एका बाजूने जवळपास तीन सेंटिमीटर खाली बसते. हा फरक निदान डोळ्यांना दिसतो. न दिसणारा फरक भारांकाचा: या टायरवर सहसा ९४ असतो.

आता हिशेब मांडू. रिकामी जीप सोळाशे किलोची धरू. बाजाराच्या दिवशी आत-बाहेर मिळून पंधरा माणसं, सरासरी ५५ किलोंची, आणि टपावर शंभर किलो सामान: एकूण सुमारे पंचवीसशे. माणसं मागेच जास्त, त्यामुळे यातला साठ टक्क्यांहून अधिक भार मागच्या आसावर येतो, म्हणजे सोळाशेच्या घरात. दर चाकाला ८०० किलो. १०० भारांकाचा टायर सपाट रस्त्यावर, पूर्ण हवेसह, जेमतेम काठावर आहे. ९४ चा टायर १३० किलोंनी काठाबाहेर गेला आहे, आणि अजून वळण यायचंय. घाटाच्या वळणावर बाहेरच्या चाकावर भार वाढतो, चढावर मागच्या चाकांवर. शिवाय टायरची हवा कमी असेल, तर तक्त्यातला भारही त्याला लागू होत नाही. हा भार त्यासाठी ठरलेल्या हवेवरच खरा असतो.

असा टायर एकदम फुटत नाही. भाराने बाजूची भिंत दर फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्याने तापते, आणि तापलेल्या रबरापासून दोरे सुटू लागतात. म्हणून उतरल्यावर प्रत्येक टायरच्या बाजूला हात लावून पाहावा. एक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल, तर त्यात हवा कमी आहे किंवा त्याच्यावर भार जास्त आहे. नक्षी मधे शाबूत आणि दोन्ही कडांना झिजलेली असेल, तर तीही त्याचीच खूण. बाजूला फुगा आला, तर दोरे तुटलेले असतात. तो टायर स्टेपनी म्हणूनही ठेवू नये.

यावर बरेच जण उलटा उपाय करतात आणि २३५/७५ आर १५ घालतात. त्याचा भारांक सहसा १०५, भाराच्या बाजूने उत्तम. पण व्यास ७३३ मिलिमीटर, मूळच्यापेक्षा चार टक्के जास्त. काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टने पळत असते, चढावर लवकर खालचा गिअर टाकावा लागतो, आणि पूर्ण वळवलेलं चाक आतल्या पत्र्याला घासतं का, हे भरलेल्या गाडीतच कळतं.

एसटीच्या किंवा ट्रकच्या टायरवर भारांक जोडीने असतो, उदाहरणार्थ १४६/१४३. पहिला, ३००० किलोंचा, टायर एकटा असताना. दुसरा, २७२५ किलोंचा, मागे जोडीने लावलेला असताना. जोडीतला आतला टायर कमी थंड होतो आणि दोघांत भार नेमका अर्धा-अर्धा कधीच वाटला जात नाही, म्हणून तेवढा भार कापलेला असतो. मोटारसायकलींवरही हेच लिखाण आहे. मागच्या चाकावर ४८ पी असेल, तर तो टायर १८० किलोंसाठी आहे, तिघं बसले तरीही.

वापरलेला टायर घेताना आणखी एक जागा शोधावी लागते: लंबगोल चौकटीतले चार आकडे, बरेचदा टायरच्या एकाच बाजूला, त्यामुळे कधी गाडीखाली वाकून पाहावे लागणारे. ३५१६ म्हणजे २०१६ सालातला पस्तिसावा आठवडा. रिमोल्ड केलेल्या टायरवर नक्षी नवी असते, पण बाजूची भिंत आणि आतले दोरे जुनेच असतात. त्यांचं वय या चार आकड्यांतच शोधायचं. ही तारीख घासून काढलेली असेल, तर तो टायर घेऊ नये, नक्षी कितीही खोल असो.