व्याज क्षणोक्षणी चढलं तर?

एक लाख रुपये, दर वर्षाला १२ टक्के. दरमहा १ टक्का व्याज मुद्दलात मिळवत गेलं, तर वर्षअखेर १,१२,६८३ रुपये होतात. मग तेच रोज, तासाला, क्षणाक्षणाला मिळवलं तर? वाटतं, पैशांचा डोंगरच होईल!

१६८३ साली याकोब बर्नुली याच प्रश्नाला भिडला आणि या वाढीला मर्यादा असल्याचं त्याला दिसलं. e, म्हणजे सुमारे २.७१८, ही संख्या त्यातूनच पुढे आली. सूत्र साधं आहे: A = Pe^(rt). r च्या जागी १२ नव्हे, ०.१२ घाला, नाहीतर उत्तर अब्जांत जातं. खरं उत्तर १,१२,७५०. म्हणजे वर्षाला जास्तीचे फक्त ६७ रुपये. दहा वर्षांनी हा फरक १,९७३ रुपये. त्यापेक्षा दुसरीकडे मासिक चक्रवाढीनेच सव्वाबारा टक्के मिळत असतील, तर तेच घ्या.