शुगर आणि पाळणा लांबवण्याची गोळी

सांगलीकडच्या एका गावातली चौतीस वर्षांची बाई. दोन मुलं, धाकटा सहा वर्षांचा. त्याच्या वेळी दिवस गेले असताना शुगर निघाली ती पुन्हा गेलीच नाही. चार वर्षं उपकेंद्रातून माला-एन घेत होती. त्या सकाळी ती माझ्याकडे आली ती घाबरून, कारण पाळी बारा दिवस लांबली होती. गोळ्यांचं काय झालं, असं विचारलं तर म्हणाली, “मॅडम, सोडल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, त्यानं शुगर वाढते.”

चाचणी निगेटिव्ह आली. गोळी सोडल्यावर पाळीचं चक्र कधीकधी असं रेंगाळतं, तेवढंच होतं. मी मात्र तिची फाईल बघून हादरले होते. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीए१सी ९.६ होती. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि कोलेस्टेरॉलसाठी अॅटॉरव्हास्टॅटिन चालू होतं. गर्भाचं हृदय आणि मज्जारज्जू दिवस गेल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत घडतात, म्हणजे बाईला पाळी चुकल्याचं उमगेपर्यंत बरंचसं घडून गेलेलं असतं. त्या काळात साखर चढी असेल तर बाळात व्यंग राहण्याचा धोका वाढतो. म्हणूनच मूल हवं असेल तर एचबीए१सी आधी ६.५ च्या खाली आणा आणि दहाच्या वर असेल तर तूर्त दिवस जाऊ देऊ नका, असं आम्ही सांगतो. टेल्मिसार्टन तर पुढच्या महिन्यांत बाळाच्या मूत्रपिंडावरच घाला घालतं. शुगर वाढेल या भीतीनं गोळी सोडून ती त्याहून कितीतरी मोठ्या धोक्याच्या तोंडाशी जाऊन आली होती.

काकूंचं म्हणणं अगदीच निराधार नाही, ते फक्त जुनं आहे. 1960 साली अमेरिकेत जी पहिली गोळी आली तिच्यात इस्ट्रोजेनच्या जातीचं मेस्ट्रानॉल 150 मायक्रोग्रॅम होतं आणि जोडीचं प्रोजेस्टिन जवळजवळ दहा मिलिग्रॅम. तेवढ्या मात्रेनं साखर खरोखरच बिघडायची. आजच्या माला-एनमध्ये इथिनिल इस्ट्रॅडिऑल 30 मायक्रोग्रॅम आणि लेव्होनॉर्जेस्ट्रेल 0.15 मिलिग्रॅम असतं. पाकिटातल्या शेवटच्या सात गोळ्या तर नुसत्या लोहाच्या. प्रोजेस्टिनमुळे शरीर इन्सुलिनला थोडं कमी दाद देतं हे खरं, पण या मात्रेला तो फरक बहुतेक बायकांत इतका थोडा असतो की साखरेच्या गोळ्यांत किरकोळ बदल करून तो भरून निघतो.

मग तिला पुन्हा माला-एन सुरू करून दिली का? नाही. पण कारण साखरेचं नव्हतं.

गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे यकृत रक्त गोठवणारे घटक जास्त बनवू लागतं, आणि रक्तदाब वर ढकलणाऱ्या साखळीतलं एक प्रथिनही. निरोगी तरुण बाईच्या रक्तवाहिन्या हे सहज सोसतात. ज्या वाहिन्यांना मधुमेहानं आतून आधीच खरवडलं आहे, तिथे मात्र गुठळी, पक्षाघात, हृदयविकार यांचा हिशेब बदलतो. म्हणून मधुमेही बाईनं गोळी मागितली की मी साखरेच्या आकड्याआधी तीन गोष्टी बघते: रक्तदाब, डोळ्याचा पडदा आणि लघवी. चार वर्षं गोळ्या घेणाऱ्या या बाईच्या यातल्या दोन गोष्टी कुणी बघितल्याच नव्हत्या. पाकीट हातात देणाऱ्या आशाताईंना मी दोष देणार नाही. शुगरचा दवाखाना वेगळा, कुटुंबनियोजनाची खिडकी वेगळी, आणि दोन्हीकडची माहिती एकत्र करायचं काम कुणाकडेच नाही.

तिचा रक्तदाब टेल्मिसार्टन घेऊनही 144/92 भरला. डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून पडदा तपासला, तो ठीक निघाला. लघवीत अल्ब्युमिन मात्र जात होतं. क्रिएटिनिनशी त्याचं प्रमाण तीसच्या आत असावं, तिचं 90 होतं. हा आकडा ताप, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा साखरेच्या मोठ्या उसळीनंही चढतो, म्हणून एकाच तपासणीवर शिक्का मारायचा नसतो. तोवर कंडोम वापरायला सांगितलं, आणि महिन्याच्या अंतरानं पुन्हा तपासलं तेव्हाही तो 84 निघाला. मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्यांना इजा सुरू झाली होती.

कोणत्या आजारात कोणतं साधन चालतं याचा जागतिक आरोग्य संघटनेचा एक तक्ता आहे. त्यात एकपासून चारपर्यंत श्रेणी असतात. एक म्हणजे बिनधास्त वापरा, दोन म्हणजे फायदा जास्त, तीन म्हणजे सहसा नको, चार म्हणजे मुळीच नको. नुसता मधुमेह असेल, मग तो इन्सुलिनवर असला तरी, आणि वाहिन्यांना इजा नसेल, तर गोळी आणि इंजेक्शनसकट सगळी हार्मोनची साधनं दोन नंबरमध्ये बसतात. मूत्रपिंड, डोळे किंवा नसांवर परिणाम झाला असेल, किंवा मधुमेहाला वीस वर्षं उलटली असतील, तर इस्ट्रोजेनची गोळी तीन-चारवर जाते. तिथवर मी समजावलं तशी ती म्हणाली, “मग अंतरा देता का? जाऊबाई घेतात.”

अंतरा म्हणजे सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारं दर तीन महिन्यांचं इंजेक्शन. त्यात इस्ट्रोजेन नसतं, त्यामुळे ते सुरक्षितच असणार असं वाटतं. पण वाहिन्यांना इजा झालेल्या मधुमेहात तेही तिसऱ्या श्रेणीत जातं. त्यातलं मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन 150 मिलिग्रॅम एकदम अंगात जातं. त्याची थोडी चाल स्टेरॉइडसारखी आहे. काही बायकांची भूक आणि वजन वाढतं, उपाशीपोटीची साखर वर सरकते, चांगलं कोलेस्टेरॉल घटतं. गोळी आवडली नाही तर उद्या बंद करता येते, इंजेक्शन बाहेर काढता येत नाही. हार्मोनच्या सगळ्या साधनांत साखरेबद्दल मला काळजी वाटते ती याचीच, आणि गंमत अशी की गावात गोळीला नावं ठेवणाऱ्या बायका अंतराला काही म्हणत नाहीत.

उरली तांबी, म्हणजे कॉपर-टी, आणि तिची हार्मोनवाली बहीण. तांबीत हार्मोनच नाही, त्यामुळे मधुमेह कसाही असो, ती पहिल्या श्रेणीत. शुगरवाल्या बाईला तांबीनं हटकून जंतुसंसर्ग होतो, हा समज चुकीचा आहे. पण तांबीनं पाळीला अंगावरून जास्त जातं. या बाईला आधीच पाच-सहा दिवस भरपूर जायचं आणि हिमोग्लोबिन 9.2 होतं.

इथे एक गोष्ट सहसा निसटते. लोह कमी पडलं की तांबड्या पेशी जास्त दिवस रक्तात फिरत राहतात, आणि साखर तेवढीच असली तरी एचबीए१सी थोडी फुगून दिसते. तांबी बसवल्यावर रक्तस्राव वाढून लोह घटलं, तर सहा महिन्यांनी अहवालात साखर वाढलेली दिसू शकते आणि खापर तांबीवर फुटतं. घरच्या यंत्रावरचे बोटाचे आकडे पूर्वीसारखेच असतील आणि एचबीए१सी एकटीच चढली असेल, तर आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासावं.

म्हणून तिच्यासाठी निवडली ती लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गर्भाशयातली प्रणाली. आकार तांबीसारखाच इंग्रजी टी, पण दांड्यावर 52 मिलिग्रॅम हार्मोन, जे सुरुवातीला रोज सुमारे वीस मायक्रोग्रॅम झिरपतं आणि बहुतेक गर्भाशयाच्या अस्तरावरच काम करतं. रक्तात फार थोडं पोचतं. मधुमेही बायकांत तांबीशी तुलना करून पाहिलं गेलं आहे, साखरेत फरक आढळला नाही. रक्तस्राव मात्र खूप कमी होतो, आणि तिला तेच हवं होतं. अडचण पैशांची. ही वस्तू खाजगीत काही हजारांना पडते. नवऱ्याला मी नसबंदीचंही सुचवलं. दहा मिनिटांचं काम आणि बायकोच्या शुगरशी काही संबंध नाही. तो हसला आणि पैशांची सोय करतो म्हणाला.

बसवण्याआधी आठवडाभर तिनं सकाळची उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर वहीत लिहिली. उपाशीपोटी साधारण 150 ते 165. बसवल्यानंतर सहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, तीच वही. कुठलंही हार्मोन सुरू करताना ही आधीची वही फार मोलाची, नाहीतर नंतर तुलना करणार कशाशी? आकडे सतत वीस-तीसनं वर राहिले, आणि मधे सण, आजारपण किंवा गुडघ्यात घेतलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन असं दुसरं कारण नसेल, तर ते साधनाचं मानायचं. तेव्हाही बहुतेक वेळा औषधाचा डोस बदलावा लागतो, साधन नाही. तिचे आकडे जागचे हलले नाहीत. मधेमधे ठिपके ठिपके अंगावरून जात राहिलं. तसं तीन-चार महिने होतं हे आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून ती काढून टाकायला आली नाही. मग मी साखरेची औषधं वाढवली, लोहाच्या गोळ्या दिल्या. चार महिन्यांनी एचबीए१सी 7.9 आली. यातला थोडा वाटा लोहाचा असणार, पण वहीतली उपाशीपोटीची साखरही 125 वर आली होती, म्हणून हायसं वाटलं.

जाता जाता एक सांगायला हवं. टिर्झेपॅटाइडचं आठवड्याचं इंजेक्शन 2025 च्या मार्चपासून आपल्याकडे मिळू लागलं आहे. ते पोट रिकामं होण्याची गती मंदावतं आणि तोंडानं घेतलेली गर्भनिरोधक गोळी कमी शोषली जाते. सुरू केल्यावर चार आठवडे, आणि दर वेळी डोस वाढवल्यावर पुन्हा चार आठवडे, सोबत कंडोम वापरावा किंवा तोंडाने न घेण्याचं साधन निवडावं. त्यात वजन उतरलं की ज्यांची पाळी वर्षानुवर्षं अनियमित होती त्यांना अचानक बीजही सुटू लागतं.

पुढच्या खेपेला ती जावेला घेऊन आली. सव्वीस वर्षांची, कडेवर चार महिन्यांचं बाळ, अंगावर पाजणारी. बाळंतपणानंतर अंतराचा एक डोस झालेला, दुसरा आठवड्यावर. हिलाही दिवस गेले असताना शुगर होती, बाळंतपणानंतर गेली असं घरात ठरलेलं. रक्तदाब 110/70. “मलाही ताईंसारखीच तांबी हवी का?” असं तिनं विचारलं.

तिचं गणित वेगळं. नुसती गर्भावस्थेतली शुगर होऊन गेली असेल तर सगळी साधनं पहिल्या श्रेणीत येतात. बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर माला-एनसुद्धा चालेल, त्याआधी इस्ट्रोजेन दुधासाठी नको. पण 1998 मध्ये लॉस एंजेलिसच्या लॅटिन अमेरिकी वंशाच्या अशाच बायकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. गर्भावस्थेतली शुगर झालेल्या ज्या बायकांनी अंगावर पाजताना नुसत्या प्रोजेस्टिनच्या गोळ्या घेतल्या, त्यांना पुढे मधुमेह होण्याचं प्रमाण कमी मात्रेची संयुक्त गोळी घेणाऱ्यांपेक्षा जवळजवळ तिप्पट निघालं. एका अभ्यासानं कुणी गोळ्या फेकून देऊ नयेत, पण हिला मी साधी तांबी सुचवली. हिमोग्लोबिन 11.8 होतं, पाजतानाही चालते, आणि सरकारी दवाखान्यात फुकट बसते.

“बाळंतपणानंतर ग्लुकोजचं पाणी पाजून साखर तपासली होती ना?” मी विचारलं. दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. ती तपासणी सहा ते बारा आठवड्यांत व्हायला हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उपाशीपोटी यायला सांगितलं.