गिरणीतला एक क्षण

चौथीच्या वर्गाला 'रोजनिशी लिहून आणा' असे सांगितले की दुसऱ्या दिवशी तीसपैकी पंचवीस वह्यांत साधारण एकच मजकूर सापडतो. वर्गातल्या एका मुलाची वही माझ्यापुढे होती, त्यात लिहिले होते: 'मी सकाळी सहाला उठलो. मी दात घासले. मग आंघोळ केली. मग शाळेत गेलो. मग घरी आलो. मग गिरणीत गेलो. मग जेवलो. मग अभ्यास केला. मग झोपलो. मला खूप मजा आली.'

यात एकही वाक्य चुकलेले नाही. पण ही नोंद काल लिहिली असती किंवा पुढच्या महिन्यात लिहिली असती, तरी तिच्यातला एक शब्दही बदलला नसता. या मुलाने वेळापत्रक लिहिले होते. आणि दोष त्याचा नव्हता. 'दिवसभरात काय काय केलेस ते लिही' असे आम्हीच सांगतो, मग मूल उठल्यापासून झोपेपर्यंतची यादी देते.

म्हणून आता मी मुलांना दिवस लिहायला सांगतच नाही. 'आजच्या दिवसातली एकच गोष्ट निवड, जी काल घडली नव्हती' असे सांगते. या मुलाच्या यादीत मला एकच वाक्य जिवंत वाटले. मी त्याला जवळ बोलावून विचारले, "गिरणीत रोज जातोस का रे?" तो म्हणाला, "नाही बाई, काल पहिल्यांदाच एकटा गेलो." मग मी एकेक प्रश्न विचारत गेले. आईने जाताना काय सांगितले? गिरणीत आवाज कसला होता? तिथे कोण काय बोलले? तुझ्या पोटात कसे झाले? घरी आल्यावर पहिल्यांदा कोण भेटले? तो बोलत राहिला, आणि पाच मिनिटांत त्याची अख्खी नोंद तोंडी तयार झाली. चौथीच्या वयात बोलणे लिहिण्याच्या फार पुढे असते. नऊ-दहा वर्षांचे मूल जेवढे सांगू शकते त्याच्या निम्मेही कागदावर आणत नाही, कारण हात दमतो आणि शुद्धलेखनाची धास्ती असते. त्यामुळे आधी सांगणे आणि मग लिहिणे हा क्रम मी मोडत नाही.

त्याने सांगितले ते त्याच्याच शब्दांत ठेवून, थोडे नीट लावून, मी वर्गासाठी ही नमुना नोंद केली:

१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार
रात्री ८ वाजता

आज मी पहिल्यांदा एकटा दळण आणायला गेलो. आईने डबा हातात दिला आणि म्हणाली, "ज्वारी आहे, सांग बरं का." वाटेत मी 'ज्वारी, ज्वारी' असं पुटपुटत गेलो. गिरणीत एवढा आवाज होता की काकांनी काय विचारलं ते मला ऐकूच आलं नाही. मी नुसती मान हलवली. त्यांनी डबा गव्हाच्या रांगेत ठेवला. माझ्या पोटात गोळा आला. मग मी जोरात ओरडलो, "काका, ज्वारी!" सगळे माझ्याकडे बघून हसले. काकांनी डबा उचलून दुसऱ्या रांगेत ठेवला. येताना डबा गरम होता. थंडी वाजत होती, म्हणून मी तो पोटाशी धरून आणला. आजी म्हणाली, "अरे, म्हातारा झालास की!" आरशात बघितलं तर माझ्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. आता गहू आणायलाही मीच जाणार.

साधारण शंभर शब्दांची ही नोंद चौथीला पुरते. एकरेघी वहीचे जेमतेम एक पान. नोंद उठण्यापासून सुरू होत नाही, थेट गिरणीच्या कामापासून सुरू होते. 'मला भीती वाटली' असे कुठेही म्हटलेले नाही. पोटात गोळा आला, ओरडलो, आणि वाचणाऱ्याला ती भीती कळते. गरम डबा पोटाशी धरण्याचे वाक्य तर मी सुचवूच शकले नसते, ते ज्याने डबा आणला त्यालाच सुचणार. मुलांना मी हेच दाखवते, की हातांना, कानांना, नाकाला काय कळले ते लिहिले की 'खूप मजा आली' लिहावे लागत नाही.

भाषेबद्दल एक गोष्ट. 'वाटलं, आलं, बघितलं' ही बोलण्यातली रूपे रोजनिशीत मी खोडत नाही, तिथे ती शोभतात. उत्तरपत्रिकेत मात्र पुस्तकातली 'वाटले, आले' हीच रूपे लिहा असे बजावते. एक चूक मात्र पुन्हा पुन्हा दाखवावी लागते: 'मी गेलो' बरोबर, पण 'मी डबा उचललो' नाही, 'मी डबा उचलला'. मुलगी 'मी गेले' लिहील, पण डबा तिनेही 'उचलला'च. मुलांना मी सांगते, काय उचलले, काय खाल्ले असा प्रश्न विचारता येत असेल तर क्रियापद त्या वस्तूमागे जाते.

'प्रिय डायरी' लिहायचे की नाही, असे पालक विचारतात. हवे तर लिहावे. अॅन फ्रँकला १९४२च्या जूनमध्ये तेराव्या वाढदिवसाला वही मिळाली आणि ती त्यात 'किटी' नावाच्या मैत्रिणीला लिहू लागली. ज्या मुलाला 'आज' लिहून पुढे काय हे सुचत नाही, त्याला असे कुणाला तरी सांगायला मिळाले की पेन्सिल हलते. पण तारीख, वार आणि वेळ मात्र हवीच, कारण वर्षभराने ती नोंद उघडल्यावर 'हे कधीचे?' हा पहिला प्रश्न येतो.

नमुना नोंद दाखवण्याची वेळ मी एकदा चुकले होते. आधीच दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी अकरा मुले गिरणीत जाऊन आली होती, त्यांतल्या तिघांच्या भुवयाही पांढऱ्या झाल्या होत्या. तेव्हापासून मुलांचा पहिला प्रयत्न झाल्यावरच ती दाखवते, एकदा मोठ्याने वाचते आणि फळ्यावर ठेवत नाही.

रोजनिशीत लाल शाई चालवत नाही. फार तर समासात पेन्सिलने एखादा प्रश्न लिहिते. 'काका मग काय म्हणाले?' एवढेच. ज्या पानाचा कोपरा मुलाने दुमडलेला असेल, ते पान मी वाचत नाही, आणि घरच्यांनाही तसेच सांगते. मुलांना हा नियम एकदा मोडलेला दिसला, की पुढची सगळी पाने दात घासण्याची होतात. आठवड्यातून तीन दिवस, रात्री जेवणाआधी दहा मिनिटे पुरतात. रोज लिहायला लावले की पंधरवड्यात पुन्हा यादी सुरू होते.

लिहून झाले की मूल स्वतःच तपासते. वहीच्या पहिल्या पानावर आम्ही ही छोटी चौकट चिकटवतो आणि हाताशी पेन्सिल घेऊन नोंद एकदा मोठ्याने वाचतो:

☐ तारीख, वार आणि वेळ लिहिली का?
☐ मी आजची एकच गोष्ट सांगितली का?
☐ पाहिलेले, ऐकलेले किंवा हाताला लागलेले निदान एक काही आहे का?
☐ कुणाचे तरी बोलणे त्याच्याच शब्दांत आहे का?
☐ मला कसे वाटले ते कळते का?
☐ 'मग' किती वेळा आला? तिनापेक्षा जास्त असेल तर एखादा खोडला का?

शेवटच्या प्रश्नावर मुले सगळ्यांत जास्त रमतात. गिरणीवाल्या मुलाने आपल्या पहिल्या नोंदीतले 'मग' मोजले. ते सात निघाले. त्याने सगळे खोडले, खोडरबराची भुकटी फुंकली आणि विचारले, "बाई, आता यात उरलंय काय?" त्यानंतर त्याने नवे पान उलटले आणि तारीख लिहिली.