अरबीतले दोन ‘पाच’

आखातातल्या एखाद्या बँकेच्या चेकवर पाच हजार पाचशे पाच रियाल ही रक्कम अक्षरी लिहायची आहे, असं समजा. मराठीत ‘पाच’ तीनदा येतो आणि तिन्ही वेळा तो तसाच राहतो. शुद्ध अरबीत मात्र पहिला पाच ‘खम्सतु’ होतो, दुसरा ‘खम्सु’, आणि तिसरा पुन्हा ‘खम्सतु’. शिवाय रक्कम रियालऐवजी रुपयांत असेल, तर तिसऱ्याचंही ‘खम्सु’ होतं. अरबी शिकणारे तीन ते दहा या आठ आकड्यांपाशी वर्षानुवर्षं का अडखळतात, ते या एका रकमेत दिसतं.

संख्येला लिंग असणं आपल्याला नवीन नाही. माणसं मोजताना आपण ‘तिघे भाऊ’ आणि ‘तिघी बहिणी’ म्हणतो, ‘पाच जण’ आणि ‘पाच जणी’ म्हणतो. संस्कृतात एक ते चार या आकड्यांची तिन्ही लिंगांत वेगळी रूपं होती: त्रयः पुरुषाः, तिस्रः नार्यः, त्रीणि फलानि. पण या सगळ्यांत संख्या नामाच्या बाजूची असते. नाम स्त्रीलिंगी तर संख्याही स्त्रीलिंगी. अरबीतही एक आणि दोन सरळच वागतात. तीनपासून दहापर्यंत मात्र उलटं होतं. ‘चौघी भाऊ’ आणि ‘चौघे बहिणी’ असं म्हणणं हेच बरोबर ठरावं, तसं.

यातली मेख एका अक्षरात आहे. त्याचं नाव ‘ता मर्बूता’, म्हणजे बांधलेला त. शब्दाच्या शेवटी मिटलेलं वेटोळं आणि त्यावर दोन ठिपके, असा तो दिसतो. शब्द तिथेच थांबला तर त्याचा उच्चार ‘आ’सारखा होतो, पुढच्या शब्दाला जोडून वाचला तर ‘त’ ऐकू येतो. ‘मलिक’ म्हणजे राजा आणि ‘मलिका’ म्हणजे राणी, हे आपल्या ओळखीचं आहे. मलिकाच्या शेवटी आहे तो हाच ता. एरवी तो स्त्रीलिंगाची खूण. आकड्यांत मात्र हीच खूण मिरवणारा ‘खम्सा’ पुल्लिंगी नामाबरोबर जातो आणि खूण नसलेला ‘खम्स’ स्त्रीलिंगी नामाबरोबर. किताब पुल्लिंगी, म्हणून पाच पुस्तकं म्हणजे ‘खम्सतु कुतुब’. मोटारीला ‘सय्यारा’ म्हणतात, ती स्त्रीलिंगी, म्हणून पाच मोटारी म्हणजे ‘खम्सु सय्यारात’. मोजलेलं नाम संख्येनंतर येतं आणि ते अनेकवचनात, षष्ठीत असतं.

आता खरा फसवणारा भाग. लिंग ठरवायचं ते नामाच्या एकवचनावरून. अरबीत ‘-आत’ हा प्रत्यय स्त्रीलिंगी अनेकवचनाचा म्हणून शिकवतात. रियालचं अनेकवचन ‘रियालात’ होतं, ते पाहून नवशिका ‘खम्सु रियालात’ लिहून मोकळा होतो. पण एकवचन ‘रियाल’ पुल्लिंगी आहे, म्हणून ‘खम्सतु रियालात’च बरोबर. स्नानगृहासाठी असलेल्या ‘हम्माम’चं तेच: अनेकवचन ‘हम्मामात’, तरी संख्या ता घेऊनच येते. उलट बाजूने ‘सना’ आणि ‘आम’ हे शब्द पाहा. दोन्हींचा अर्थ वर्ष. पहिला स्त्रीलिंगी, दुसरा पुल्लिंगी. म्हणून पाच वर्षं म्हणजे ‘खम्सु सनवात’ किंवा ‘खम्सतु आवाम’. वर्षं तीच, फक्त शब्द बदलला की पाच बदलतो. मराठी माणसाने आपल्या लिंगावर तर मुळीच विसंबू नये. आपलं ‘दुकान’ अरबीतूनच आलं, पण आपल्याकडे ते नपुंसकलिंगी झालं. अरबीत नपुंसकलिंगच नाही आणि ‘दुक्कान’ पुल्लिंगी आहे.

आता चेककडे परत येऊ. हजाराला ‘अल्फ’ म्हणतात, तो पुल्लिंगी आणि त्याचं अनेकवचन ‘आलाफ’. म्हणून पाच हजार म्हणजे ‘खम्सतु आलाफ’. शंभराला ‘मिआ’, ती स्त्रीलिंगी, म्हणून पाचशे ‘खम्सु मिआ’. इथे एक अपवाद सोबत येतो: मिआ अनेकवचनात जात नाही, एकवचनातच राहते. उरलेले पाच रियाल पुल्लिंगी. सगळं जोडून वाचलं की ‘खम्सतु आलाफिन व खम्सु मिअतिन व खम्सतु रियालातिन’. यातला ‘व’ म्हणजे ‘आणि’. रुपया अरबीत ‘रूबिय्या’ होतो आणि तो स्त्रीलिंगी, त्यामुळे शेवटचा तुकडा ‘खम्सु रूबिय्यातिन’. हे उदाहरण मी ओढूनताणून आणलेलं नाही. आखातात भारतीय रुपया खरोखर चालत होता, आणि 1959 साली रिझर्व्ह बँकेने तिथल्या वापरासाठी वेगळ्या रुपयाच्या नोटाही काढल्या होत्या.

हे आकडे आकड्यांतच छापले की लिहिणारा सुटतो. वाचणारा सुटत नाही. बातम्या देणाऱ्या निवेदकासमोर नुसता 5 असतो आणि पुढचं नाम कोणत्या लिंगाचं, हे बोलण्याआधीच त्याला ठाऊक असावं लागतं, कारण संख्या आधी उच्चारायची आणि नाम नंतर.

असं उलटं का झालं? अरबी व्याकरणकारांचं उत्तर असं: संख्येचं मूळ रूप ता असलेलंच होतं, कारण ते ‘पाचांचा समूह’ अशा अर्थाचं नाम होतं. ते आधी पुल्लिंगी नामांना जोडलं गेलं आणि मग वेगळेपण दाखवण्यासाठी स्त्रीलिंगाजवळ ता गाळला. मला हे पटण्यासारखं वाटतं, कारण तसं पाहिलं तर उलटं लिंग असं काही उरतच नाही. ता तिथे स्त्रीलिंगाची खूण नसून समूहाची ठरते. पण आधुनिक अभ्यासकांत यावर एकमत नाही. नियम अरबीहून जुना आहे, एवढं मात्र नक्की, कारण तो तिच्या भगिनीभाषांतही आहे. हिब्रूत पाच मुलगे म्हणजे ‘हमिशा बानिम’ आणि पाच मुली म्हणजे ‘हमेश बानोत’. कोकणातून इस्रायलला गेलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली कुटुंबांना बाजारहाट करताना याच नियमाशी गाठ पडली. तिथे बोलताना लोक सर्रास आखूड रूप सगळीकडे वापरतात. दहा शेकेलसाठी नियमाने ‘असारा’ हवं, पण कानावर ‘एसेर’ पडतं.

बोलीभाषेतल्या अरबीतही हेच घडलं. कैरोत किंवा दमास्कसमध्ये नामाआधी आखूड रूपच येतं, मग नाम कोणत्याही लिंगाचं असो. तरी जुना ता पुरता गेलेला नाही. ‘अय्याम’ म्हणजे दिवस, पुल्लिंगी. शुद्ध अरबीत ‘खम्सतु अय्याम’. कैरोतला माणूस ‘खमस तिय्याम’ म्हणतो. संख्येचा ता सुटला आणि दिवसांना जाऊन चिकटला. महिन्यांचंही तसंच, ‘खमस तुश्हुर’. बोलणाऱ्याला तो ता कुठला, हे माहीत नसतं, पण तो गाळला तर कानाला खटकतं.

अरबी शिकत असाल तर नवा शब्द वहीत उतरवताना त्याच्यासमोर ‘हाज़ा’ किंवा ‘हाज़िही’ लिहा, म्हणजे पुल्लिंगी ‘हा’ किंवा स्त्रीलिंगी ‘ही’, आणि शब्द एकवचनातच लिहा. मोजायची वेळ आली की आधी ते एकवचन आठवा. अनेकवचनाकडे पाहून ता लावायचा की नाही, हे ठरवू नका.