स्वीकार आधी, विनंती नंतर

नोकरीचा प्रस्ताव स्वीकारताना रुजू होण्याची तारीख पुढे न्यायची असेल, तर इंग्रजी ई-मेलमध्ये स्वीकार व विनंती स्वतंत्र वाक्यांत मांडावी, असे आम्ही माजी विद्यार्थ्यांना सुचवतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार स्वीकार बिनशर्त असावा लागतो. ‘इफ’ लावून दिलेला होकार नवा प्रस्ताव ठरू शकतो.

समजा, पुण्याच्या कंपनीने १ जुलै ही तारीख दिली. परंतु सोलापुरातील सध्याच्या नोकरीची नोटीस-मुदत १४ जुलैला संपते. अशा वेळी प्रथम ‘आय अ‍ॅक्सेप्ट द ऑफर’ एवढेच लिहून वाक्य पूर्ण करावे. नंतर मुदतीचे कारण सांगून ‘वुड इट बी पॉसिबल टू जॉइन ऑन १५ जुलै?’ असे विचारावे. ‘थोडा अवधी’ मागू नये. नेमकी तारीख द्यावी. लेखी संमती येईपर्यंत मूळ तारीखच कायम समजावी.